‘चालू आहे’ असं लिहायचं नाही : गटाचा दर आठवड्याचा आढावा



या अंकात एका वहीबद्दल लिहिते. शंभर पानी, साधी, रेघांची वही. आपल्या गटात हजेरी असते, बचतीची नोंद असते, कर्ज खातेवही असते, इतिवृत्त असतं. त्यात अजून एक वही कशाला, असं खडकीतल्या आमच्या गटातल्या ताईंनीही मला विचारलं होतं. त्यांचा प्रश्न बरोबरच होता. त्या सकाळी चार घरची कामं करतात, कोणी कारखान्याच्या कँटीनला आहे, कोणी घरी शिवण करते. रविवारी दुपारी ४ ते ५ हा एकच तास त्यांच्या हातात असतो. त्या तासातली २० मिनिटं मी या वहीला मागितली. ती का मागितली हे सांगण्याआधी आमची एक फजिती सांगते. त्यात माझाही वाटा आहे.

गेल्याच्या गेल्या वर्षी गटानं ठरवलं की दिवाळीला फराळ करून विकायचा. भाजणीची चकली, पातळ पोह्यांचा चिवडा, शंकरपाळी. ११ जणी, तिघींचा हात चकलीला चांगला. त्यासाठी तेल, डाळी, डबे एकदम घ्यायचे तर पैसा हवा, म्हणून बँकेकडे गटाच्या कर्जाचा अर्ज करायचा ठरलं. नारळी पौर्णिमेच्या रविवारी ठराव झाला. नारळी पौर्णिमा ते दिवाळी म्हणजे साधारण १० आठवडे. वेळ भरपूर होता.

दिवाळी झाल्यावर मी इतिवृत्ताची वही काढून बसले. त्या १० आठवड्यांत ९ बैठका झाल्या होत्या. हजेरी चांगली, बचत वेळेवर, पंचसूत्रीत नाव ठेवायला जागा नाही. आणि त्यातल्या ७ बैठकांच्या इतिवृत्तात एकच वाक्य, अगदी तसंच्या तसं : “बँकेचे काम चालू आहे.” सातही वेळा खाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे, आणि माझीही सही.

काम चालू नव्हतंच. दुसऱ्याच आठवड्यात बँकेतून फाईल परत आली होती. एका ताईचं आधार कार्डावरचं नाव आणि गटाच्या नोंदीतलं नाव जुळत नव्हतं. काउंटरवर तोंडी सांगितलं गेलं आणि अध्यक्षताईंनी फाईल घरी आणून कपाटात ठेवली. त्यांना वाटलं, नावाचं काम ‘मॅडम’ करतील. मॅडम म्हणजे मी. मला वाटलं, फाईल बँकेत आहे, आज ना उद्या बोलावतील. ज्या ताईंचं नाव होतं त्यांना तर कोणी काही बोललंच नाही. शेवटी दिवाळीच्या १२ दिवस आधी किराणा दुकानातून सुट्या भावानं तेल घेतलं, गटाच्या बचतीतून जेवढं निघालं तेवढ्यात १२ किलो माल केला. दोन मोठ्या सोसायट्यांच्या ऑर्डरी नाही म्हणून सोडल्या. चकली सगळी खपली, पण हातात काय उरलं ते विचारू नका.

गटात भांडण झालं नाही. पण पुढच्या बैठकीला दोघी आल्या नाहीत आणि एक ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, तुम्ही सगळं लिहून घेता, मग वाचत का नाही?” मला याचं उत्तर देता आलं नाही.

म्हणून ही वही. आम्ही तिला ‘झालं-राहिलं वही’ म्हणतो. इतिवृत्तात आज काय बोलणं झालं आणि काय ठराव झाला ते असतं. या वहीत फक्त एवढंच असतं : मागच्या रविवारी कोणी काय करायचं कबूल केलं होतं, ते झालं का, आणि नसेल तर आता पुढचं पाऊल काय. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायची पद्धत आपल्याकडे आहेच. पण खरं सांगा, कितीदा ते भराभर वाचून ‘मंजूर मंजूर’ होतं? ठरावावर पुढे काय झालं हे वाचण्यात येतच नाही, कारण ठराव एका पानावर असतो आणि त्याचं पुढचं काम कुणाच्या तरी डोक्यात.

वहीचं पान असं आखतो. डाव्या पानावर पाच रकाने : काम, कोण करणार, कधीपर्यंत, झालं की राहिलं, पुढचं पाऊल. एका आठवड्याला एक पान. सातपेक्षा जास्त कामं एका पानावर घ्यायची नाहीत. आम्ही सुरुवातीला चौदा लिहिली होती. २० मिनिटांत चौदा कामं होत नाहीत, शेवटची पाच कोणी ऐकतही नाही. वहीच्या अगदी मागच्या पानावर गटाची मोठी ध्येयं लिहायची, दोन किंवा तीन, आणि त्यांच्यापुढे आकडा. हे मागचं पान का लागतं ते पुढे सांगते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘काम’ हा पहिला रकाना नीट लिहायला शिकण्यात. “बँकेचे काम” हे काम नाही, तो एक गठ्ठा आहे. त्याच्यापुढे झालं लिहिता येत नाही आणि राहिलं लिहायला लाज वाटते, म्हणून ‘चालू आहे’ येतं. आता आम्ही एकच कसोटी लावतो : पुढच्या रविवारी ते काम झालं का असं विचारल्यावर करणारीला हातात काहीतरी दाखवता येईल का? आधारच्या झेरॉक्स दाखवता येतात. बँकेनं लिहून दिलेली कागदांची यादी दाखवता येते. तेलाचा भाव लिहिलेली चिठ्ठी दाखवता येते. दाखवण्यासारखं काही नसेल तर काम अजून मोठं आहे, तोडायचं. आणि ‘कोण करणार’ खाली एकीचंच नाव. मदतीला दहा जणी असू देत, पण विचारायचं एकीला. “सगळ्यांनी मिळून” असं लिहिलेलं काम आमच्याकडे आजवर एकदाही झालेलं नाही.

आणि ‘चालू आहे’ हे शब्द या वहीत बंद. एक तर झालं, नाहीतर राहिलं. अर्धं झालं असेल तर किती झालं ते आकड्यात : ११ पैकी ९.

आता बैठकीत हे बसवायचं कुठे? आम्ही दोनदा चुकलो. आधी शेवटी ठेवलं. पण बचत दिली, कर्ज वाटप झालं की निम्म्या जणी चपला घालायला लागतात, कुणाचा कुकर, कुणाचं पाणी. मग अगदी सुरुवातीला ठेवलं, तर उशिरा येणाऱ्यांची कामं तशीच राहायची. आता क्रम असा आहे : हजेरी, बचत, परतफेड, मग आढावा, आणि त्यानंतर अंतर्गत कर्जाच्या मागण्या. कर्जाच्या मागणीसाठी सगळ्या थांबतात, म्हणून आढाव्यालाही सगळ्या असतात. थोडी चलाखी आहे, पण चालते.

आढावा घेताना सचिवताई प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचतात. वाचल्यावर जिचं काम ती बोलते, दुसरी नाही. झालं असेल तर जे आणलं ते दाखवते. राहिलं असेल तर दोनच गोष्टी सांगते : कुठे अडलं, आणि पुढचं पाऊल काय. त्यावर चर्चा तिथेच नको, नाहीतर पहिल्याच कामावर २० मिनिटं जातात. ज्याला चर्चा लागेल त्याच्यापुढे फुली करून ठेवायची आणि सगळं पान वाचून झाल्यावर फक्त फुलीच्या कामांवर बोलायचं.

आमच्यात चौघींना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी आम्ही आधी टिकल्या वापरल्या, झालं तर हिरवी, राहिलं तर लाल. दिसायला छान दिसायचं, पण आठवडाभरात टिकल्या गळून पडतात आणि मग कुठली कुठे होती हे कळत नाही. आता स्केचपेननं ठिपका देतो आणि प्रत्येकीच्या नावाऐवजी तिची खूण काढतो. चकलीवाल्या मावशींची खूण गोल वेटोळं, शिवणवाल्या ताईंची सुई. त्या वहीकडे बघून आपलं काम कुठलं हे स्वतः ओळखतात, आणि ठिपका स्वतःच्या हातानं देतात. सचिवानं दिला आणि आपण दिला यात फरक पडतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता गेल्या वर्षीचं सांगते, म्हणजे वही कशी चालते ते कळेल. पुन्हा नारळी पौर्णिमेला सुरुवात. मागच्या पानावर दोन ध्येयं लिहिली. एक, घटस्थापनेच्या आत कर्जाचे पैसे गटाच्या खात्यात, म्हणजे हातात ६ आठवडे. दोन, दिवाळीला ६० किलो फराळ.

पहिल्या रविवारी पाच कामं घेतली. ११ जणींच्या आधारच्या झेरॉक्स जमवणं, सचिवताईंकडे. आधारवरचं नाव आणि गटाच्या नोंदवहीतलं नाव ताडून बघणं, कोषाध्यक्षताईंकडे. बँकेत जाऊन कोणते कागद लागतील त्याची यादी लिहून आणणं, अध्यक्षताईंकडे, आणि त्यात एक अट : तोंडी नाही, कागदावर. मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात जाऊन डाळी-तेलाचे घाऊक भाव आणणं, हे एका मावशींकडे. आणि सोसायट्यांमध्ये छापील पेट्यांमध्ये फराळ द्यायचा तर पेट्यांचा भाव काढणं, हे एका तरुण ताईकडे.

पुढच्या रविवारी पान असं झालं :

आधारच्या झेरॉक्स – राहिलं, ११ पैकी ९. एकीचं कार्ड घर बदलताना हरवलं, एकीचं गावी. पुढचं पाऊल : गावी फोन करून फोटो मागवणं, हरवलेल्याची प्रत काढायला बुधवारी जाणं.
नावं ताडणं – राहिलं. झेरॉक्स पूर्ण नव्हत्या म्हणून सुरूच केलं नाही.
बँकेची यादी – झालं, यादी वहीत चिकटवली.
घाऊक भाव – झालं.
पेट्यांचा भाव – झालं, पण महाग.

पाचपैकी तीन झाली. वरवर बघितलं तर बरं चाललंय. पण दुसऱ्या ओळीकडे बघा. कोषाध्यक्षताईंचं काम सचिवताईंच्या कामामागे अडलं होतं, आणि दोघींना ते माहीतच नव्हतं. आढाव्यात हे मोठ्यानं वाचलं गेलं तेव्हा मागून एक मावशी म्हणाल्या, “अगं, नऊ आल्यात ना, नऊ तरी बघ.” एवढंच. पुढचं पाऊल लिहिलं : ९ कार्डं मंगळवारपर्यंत ताडून बघणं.

ताडल्यावर दोन नावं जुळली नाहीत. एका ताईचं आधारवर माहेरचं नाव आणि आडनाव होतं, गटाच्या नोंदीत सासरचं. मागच्या वर्षी ज्यांच्यामुळे फाईल परत आली त्या याच. दुसरीच्या नावात स्पेलिंगचा घोळ होता, आधारवर एक अक्षर जास्त. म्हणजे मागच्या वर्षी पहिली अडचण सोडवली असती तरी दुसरी पुढे उभीच होती, आणि ती आम्हाला दिवाळीनंतर कळली असती. यंदा दुसऱ्या आठवड्यातच कळली.

पहिल्या ताईंचं काम तीन आठवड्यांत झालं. लग्नानंतर नाव बदललं तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद हा त्याचा पुरावा असतो. त्यांच्याकडे दोन्ही नव्हतं, लग्नाला १९ वर्षं झाली, तेव्हा कोणी नोंदणी केली नव्हती. अध्यक्षताईंनी बँकेत विचारलं की मग काय करता येईल. त्यांचं स्वतःचं बचत खातं आधारच्याच नावानं होतं, म्हणून गटाच्या नोंदवहीतलं नाव आधारप्रमाणे करायचं आणि दोन्ही नावांची बाई एकच असल्याचा गटाचा ठराव जोडायचा, असं ठरलं. आमच्या शाखेनं ते चालवून घेतलं. तुमच्या शाखेत चालेलच असं नाही, आधी विचारा आणि काय सांगितलं ते लिहून आणा.

स्पेलिंगवाल्या ताईंचं काम मात्र अडलं. आणि इथे वहीतली एक रीत कामाला आली. राहिलेलं काम पुढच्या पानावर उतरवताना त्याच्या अलीकडे एक उभी रेघ मारायची. पुन्हा राहिलं तर दोन रेघा. तीन रेघा झाल्या की ते काम तसंच पुढे उतरवायला मनाई. त्यावर बोललंच पाहिजे, आणि चारांतलं एक ठरवलंच पाहिजे : तोडायचं, माणूस बदलायचा, वाट बदलायची, नाहीतर सोडायचं. तीन का, दोन का नाही? पहिल्या वेळी माणसाला अडचण असते, मूल आजारी, पाहुणे. दुसऱ्या वेळीही असू शकते. तिसऱ्या वेळी अडचण बहुतेक कामातच असते.

त्या ताईंच्या कामाला पाचव्या रविवारी तिसरी रेघ पडली. पहिल्यांदा त्या गेल्या तेव्हा गर्दीमुळे टोकन मिळालं नाही. दुसऱ्यांदा जन्माच्या पुराव्यावरून परत पाठवलं. तिसऱ्यांदा त्या गेल्याच नाहीत, कारण आणखी एक दिवस घरकामाचे पैसे कापले गेले असते. हे त्यांनी तीन आठवडे सांगितलं नव्हतं, नुसतं ‘राहिलं’ म्हणायच्या. तिसऱ्या रेघेवर बसून विचारलं तेव्हा बोलल्या. मग दोन गोष्टी केल्या. एक, बरोबर कोण जाणार आणि कोणता कागद न्यायचा हे ठरवलं. दुसरी, बँकेत विचारलं की या ताई पदाधिकारी नाहीत, तर दुरुस्तीला टाकल्याची पावती जोडून फाईल देता येईल का. बँकेनं हो म्हटलं. म्हणजे वाट बदलली. त्याच आठवड्यात पावती मिळाली आणि सहाव्या रविवारच्या आधी फाईल आत गेली. अर्ज, गटाचा ठराव, सगळ्यांच्या सह्यांचा आंतरकरार, पदाधिकाऱ्यांचे कागद, हिशोबाच्या वह्या, सगळं. पोच घेतली आणि ती वहीत चिकटवली.

पैसे घटस्थापनेच्या नऊ दिवसांनंतर आले. ध्येय चुकलं. पण किती चुकलं आणि कुठे चुकलं हे वहीवरून बोट ठेवून सांगता येत होतं.

पेट्यांचं कामही सांगते. त्याला तीन रेघा झाल्या नव्हत्या, दोनच झाल्या होत्या. ती तरुण ताई दर वेळी नवा भाव आणायची, दर वेळी जास्तच. शेवटी तिनंच म्हटलं, सोडूया, साध्या पिशव्यांत देऊ आणि आपली नोंदणी असेल तर नंबराचं लेबल लावू. वहीत लिहिलं ‘सोडलं’, कारण : एका किलोमागे पेटीचा खर्च परवडत नाही. सोडलेलं काम खोडायचं नाही, कारणासकट ठेवायचं. नाहीतर पुढच्या वर्षी नवी कोणीतरी तेच काम पुन्हा सुरू करते.

आता मागच्या पानाबद्दल. डाव्या रकान्यांत कामं होत जातात आणि बरं वाटतं, पण ध्येय जागचं हलत नाही, असं होतं. चौथ्या आठवड्यात आमचं तसंच झालं. सातपैकी सहा कामं झाली, टाळ्या वाजल्या. मग मागचं पान उघडलं तर कर्जाच्या कागदांचा आकडा मागच्या आठवड्याइतकाच, ९ पैकी ६. ती झालेली सहा कामं कुठली होती? डब्यांचे भाव, गिरणीवाल्याशी बोलणं, चिवड्याचा नमुना करून बघणं. सगळी फराळाची, कारण ती करायला आवडतात. बँकेत जायला कोणालाच आवडत नाही. म्हणून दर रविवारी आढावा संपताना मागचं पान उघडून दोन्ही ध्येयांपुढचा आकडा लिहायचा आणि विचारायचं, या आठवड्याच्या कामांपैकी कुठल्या कामानं हा आकडा हलला? कुठल्याच नाही असं उत्तर आलं, तर पुढच्या पानावरचं पहिलं काम त्या ध्येयाचं.

आढावा संपला की सचिवताई तीन वाक्यं लिहितात आणि वाचून दाखवतात. हाच गोषवारा इतिवृत्तात उतरवतो, ‘चालू आहे’च्या जागी. पाचव्या रविवारचा असा होता : “७ पैकी ४ कामे झाली. राहिलेल्या ३ पैकी आधार दुरुस्तीला तिसरी रेघ, वाट बदलली, अध्यक्षताई सोमवारी बँकेत विचारणार. कर्जाचे कागद ९ पैकी ८, फराळाची मागणी ६० पैकी २२ किलो.” गटाची आलेली नसलेली बाई हे वाचून सगळं समजू शकते. मीही दर रविवारी येऊ शकत नाही, माझ्याकडे इतरही गट आहेत. पण या तीन वाक्यांवरून मला कुठे जायचं ते कळतं. वस्तीस्तर संघाच्या बैठकीत गटाचा अहवाल द्यायचा असेल तर चार आठवड्यांचे चार गोषवारे जोडले की अहवाल तयार.

दिवाळीला शेवटी ४६ किलो माल झाला. ६० नाही. १४ किलो कुठे गेले, तर पैसे उशिरा आल्यामुळे भाजणी उशिरा दळली आणि तळायला चांगल्या हाताच्या तिघीच. त्यातल्या एकीच्या घरी नेमकं लग्न निघालं. यंदाच्या मागच्या पानावर म्हणून तिसरं ध्येय आहे : तळणीला आणखी दोघी तयार करणं.

आता जे बिघडतं ते. वही बरी चालली नाही हे ओळखायच्या काही खुणा मला दिसल्यात. चार आठवडे लागोपाठ सगळी कामं ‘झालं’, तर कामं फार सोपी घेतली आहेत किंवा सचिवानं घरी बसून ठिपके दिले आहेत. पानभर एकाच पेनाची शाई आणि एकच अक्षर असेल तर दुसरंच समजा. एकाच बाईच्या नावावर पाच कामं असतील, तर ती दमेल आणि बाकीच्या नुसत्या ऐकायला येतील. आणि आढाव्याच्या वेळी कोणी खाली मान घालून बसायला लागली, तर वहीचा उपयोग ओरडायला होतोय. आमच्याकडे हे एकदा झालं. एका ताईला भर बैठकीत “तुमचं नेहमीच राहतं” असं म्हटलं गेलं, त्या पुढचे दोन रविवार आल्या नाहीत. मग नियम केला की आढाव्यात कामाबद्दल विचारायचं, बाईबद्दल नाही, आणि ‘नेहमी’ हा शब्दही बंद. आमच्या वहीत बंद शब्दांची यादी वाढत चाललीय, हे कबूल.

काही गोष्टी या वहीत आणायच्याच नाहीत. कोणाचा कर्जाचा हप्ता थकला ते कर्ज खातेवहीत आहे, तिथेच राहू दे, नाहीतर दोन वह्यांत दोन आकडे होतात. कोणाच्या घरातली अडचण कारण म्हणून लिहायची नाही. ‘नवऱ्यानं जाऊ दिलं नाही’ असं ताईनं सांगितलं तर वहीत फक्त ‘जाता आलं नाही’ लिहायचं. ही वही बँकेचे साहेब, वस्तीस्तर संघ, कोणीही बघतं.

गावाकडच्या ताई मला म्हणतील, तुमच्या खडकीत ठीक आहे, आमच्याकडे भात लावणीत आठवडा कसा जातो ते कळत नाही. मावळातल्या एका गटाशी बोलताना हेच निघालं. त्यांनी लावणीच्या दिवसांत आढावा बंद केला नाही, लहान केला. बांधावर जेवायला बसल्यावर पाच मिनिटं, फक्त तीन कामं, तोंडी वाचायची, संध्याकाळी एकीनं वहीत ठिपके द्यायचे. चार आठवड्यांनी पुन्हा पूर्ण पान सुरू केलं. महिन्यातून एकदाच बैठक होणाऱ्या गटांना मात्र ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. तीन रेघा म्हणजे तीन महिने होतील. त्यांनी मधल्या आठवड्यांत दोघींनी भेटून पान भरायचं आणि बैठकीत वाचायचं, असं करून बघावं. मी स्वतः तसा गट चालवलेला नाही, म्हणून कोणी केलं तर मला नक्की सांगा.

ज्या गटांना सुरू करायचंय त्यांनी पहिल्या रविवारी नवी कामं घेऊ नका. इतिवृत्ताची वही घ्या, मागच्या तीन महिन्यांची पानं उलटा, आणि जिथे जिथे ‘चालू आहे’, ‘बघू’, ‘करण्याचे ठरले’ असं आहे तिथे पेन्सिलनं गोल करा. आमच्या वहीत असे २३ गोल निघाले. त्यातली ११ कामं कधीच होऊन गेली होती, नुसती लिहायची राहिली होती. ६ आता करायची गरजच नव्हती. उरलेली ६ आमच्या पहिल्या पानावर गेली, आणि त्यातली सगळ्यात जुनी ओळ होती : ‘बैठकीसाठी सतरंजी घेणे’. ती कोषाध्यक्षताईंनी पुढच्याच शुक्रवारी खडकी बाजारातून आणली.